रूढी सिद्ध झाली असती तर?

श्रोतेहो, नमस्कार. विधी महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या काळातच न्यायशास्त्राच्या पुस्तकात दोन नावे समोर येतात. एक नैसर्गिक कायद्याचा सिद्धांत आणि दुसरे प्रत्यक्षार्थवाद, ज्याला वर्गात सर्रास लीगल पॉझिटिव्हिझम म्हणतात. पहिला पक्ष म्हणतो की, न्यायाच्या मूलभूत कसोटीला न उतरणारा नियम खऱ्या अर्थाने कायदा ठरत नाही. दुसरा म्हणतो की, नियम कायदा आहे की नाही हे तो कोणी आणि कोणत्या रीतीने केला यावरून ठरते. तो चांगला की वाईट हा वेगळा प्रश्न आहे. या व्याख्या पाठ होतात, पण भांडण नेमके कशावरून आहे ते समजत नाही. म्हणून आज आपल्या कोकणातलाच एक दिवाणी दावा पाहू.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपणा सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे चाललेला दावा फारसा कोणी वाचत नाही. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत अशी शिफारस केली. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर काही सवर्ण रहिवाशांनी बाबासाहेब व इतरांविरुद्ध दावा लावून न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला.

इथे पहिल्या पक्षाचा विद्यार्थी म्हणेल, माणसाला पाण्यापासून दूर ठेवणारा नियम कायदा असूच शकत नाही. दुसऱ्या पक्षाचा विद्यार्थी आधी विचारेल की, तो नियम केला कोणी? विधिमंडळाचा ठराव ही शिफारस होती. ती मोडणाऱ्याला कोणतीही शिक्षा नव्हती. जॉन ऑस्टिनने १८३२ मध्ये कायद्याची जी कल्पना मांडली, तिच्यात सार्वभौम सत्तेची आज्ञा आणि ती मोडल्यास होणारी शिक्षा या दोन्ही गोष्टी लागतात. त्या मापाने हा ठराव कायदा ठरत नाही. मात्र त्याच मापाने वादींची रूढीही आपोआप कायदा ठरत नाही, आणि हे विद्यार्थ्यांच्या नजरेतून नेहमी निसटते. ऑस्टिनच्या मते न्यायालयाने उचलून धरेपर्यंत रूढी ही समाजात पाळली जाणारी नीती असते, कायदा नव्हे. म्हणजे प्रत्यक्षार्थवाद हा परंपरेचा पाठीराखा आहे, ही समजूत चुकीची आहे. त्या पक्षाचे आद्य प्रवर्तक जेरेमी बेंथम तर आयुष्यभर प्रचलित कायद्यांचे कठोर टीकाकार राहिले. कायदा काटेकोरपणे पाळावा आणि त्यावर मोकळेपणाने टीका करावी, असे त्यांचे सांगणे होते.

आता वादींची बाजू पाहू. तळे नगरपालिकेच्या मालकीचे ठरल्यावर त्यांच्याकडे उरलेला मुख्य आधार म्हणजे अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची अनादी काळापासून चालत आलेली रूढी. न्यायालयाने रूढीला कायद्याचे बळ द्यायचे, तर ती पुरातन, निश्चित आणि वाजवी असावी लागते. खालच्या न्यायालयात दावा फेटाळला गेला, अपीलही फेटाळले गेले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही वादींविरुद्ध निकाल दिला. कारण काय दिले, ते नीट ऐका. अस्पृश्य त्या तळ्यावर जात नव्हते, असे साक्षीदारांनी सांगितले, पण त्यावरून ती रूढी अनादी आहे हे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ती वाजवी आहे का, या प्रश्नात शिरण्याची त्यामुळे गरजच उरली नाही.

बाबासाहेब दावा जिंकले. परंतु अस्पृश्यता अन्यायाची आहे असे म्हणून न्यायालयाने तो निकाल दिलेला नाही. पुरावा अपुरा पडला म्हणून दिला. मला हा भाग वाचताना दर वेळी अस्वस्थ वाटते, कारण त्यातून एक प्रश्न उरतो: वादींनी जुनी कागदपत्रे आणून ती रूढी हजार वर्षांची आहे असे सिद्ध केले असते, तर ती कायदा ठरली असती का? दोन्ही पक्षांचा खरा वाद याच प्रश्नावर आहे.

नैसर्गिक कायद्याचा अनुयायी म्हणेल, नाही. वयाने अन्यायाचा न्याय होत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने लिहिले की, अन्यायी कायदे हे कायद्यापेक्षा जुलूमच अधिक असतात आणि ते सदसद्विवेकबुद्धीला बांधत नाहीत. मात्र गोंधळ टाळण्यासाठी असा कायदाही कधी पाळावा लागू शकतो, हेही त्याने मान्य केले. डिसेंबर १९२७ मध्ये परिषदेने मनाई हुकूम असताना तळ्याचे पाणी घेण्याचा कार्यक्रम तहकूब केला, आणि त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. एका आदेशाचे पालन आणि एका ग्रंथाच्या अधिकाराचा जाहीर नकार एकाच मांडवात घडले. बेंथम आणि अक्वायनस हे दोघेही या वागण्याचे समर्थन आपापल्या मार्गाने करू शकतात. म्हणून कोणी आज्ञा पाळली एवढ्यावरून तो कोणत्या पक्षाचा, हे ठरवता येत नाही.

प्रत्यक्षार्थवाद्याचे उत्तर अधिक सावध असते. एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ मध्ये मांडले की, प्रत्येक कायदेव्यवस्थेत कायदा कशाला मानायचा हे सांगणारा एक ओळखीचा नियम असतो, आणि न्यायाधीश व अधिकारी तो प्रत्यक्षात पाळत असतात. रूढी वाजवी असावी, ही अट त्या नियमाचाच भाग असेल, तर न्यायाधीश नीतीचा विचार करतो तो कायद्यानेच परवानगी दिली म्हणून. अट नसेल, तर ती रूढी वाईट असूनही कायदा ठरेल आणि ती बदलण्याचे काम विधिमंडळाकडे जाईल. शिवाय प्रत्यक्षार्थवादी एक आक्षेप घेतो, आणि माझ्या मते तो या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आहे: वरच्या कायद्याचा आधार वादींनाही घेता आला असता. आमची रूढी हाच सनातन धर्म, असे ते म्हणू शकत होते. दोन्ही बाजू जेव्हा आपापला श्रेष्ठ कायदा पुढे करतात, तेव्हा न्यायाधीशाने कोणाचे ऐकायचे?

नैसर्गिक कायद्याकडे यावर उत्तर आहे. कोणताही दावा धर्माच्या नावाने आला म्हणून तो न्याय्य होत नाही. त्याला माणसाच्या विवेकाला पटेल असे कारण द्यावे लागते. एका समूहाला पाणी नाकारण्याचे असे कोणते कारण वादींनी दिले असते? मला ते दिसत नाही. तथापि अवघड प्रकरणांत विवेकी माणसांचेही एकमत होत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

२६ जानेवारी १९५० नंतर हा दावा उभाच राहू शकला नसता. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि अनुच्छेद १३ मध्ये कायदा या संज्ञेत रूढी व परिपाठ यांचाही समावेश असल्यामुळे, मूलभूत हक्कांशी विसंगत असलेली रूढी कितीही जुनी असली तरी शून्य ठरते. प्रत्यक्षार्थवादी म्हणेल, अस्पृश्यतेची बंदी संविधानाने घातली म्हणून ती कायदा झाली. नैसर्गिक कायद्याचा अनुयायी म्हणेल, महाडच्या तळ्यावर पाणी पिणाऱ्यांचा हक्क आधीपासूनच होता, संविधानाने तो केवळ मान्य केला. अनुच्छेद १७ उद्या वगळला गेला, तर तो हक्क उरेल का, हे आपल्या उत्तरपत्रिकेत कारणांसह लिहून पाहा. नमस्कार.