दत्तू, दत्त्या आणि दत्तोपंत

श्रोतेहो, नमस्कार.

दत्तात्रय हे नाव आपल्याकडे घरोघरी आढळते, पण ते पूर्ण उच्चारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. आई त्याला दत्तू म्हणते, शाळेतले सोबती दत्त्या म्हणतात, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे वय आणि मान वाढला की तोच गृहस्थ दत्तोपंत होतो. मूळ एकच असले, तरी नावाला जोडलेल्या शेपटावरून बोलणाऱ्याचे आणि त्याचे नाते कळते. आज आपण मुख्यतः 'या' या शेपटाविषयी बोलू, कारण सगळी गोडी आणि सगळी भांडणे तिथेच आहेत.

'या' लावण्याची रीत ठरलेली आहे. नावाचा सुरुवातीचा तुकडा घ्यायचा, बाकीचे सोडून द्यायचे आणि पुढे 'या' जोडायचा. सुरेशचा सुऱ्या होतो, सचिनचा सच्या होतो, आणि प्रकाशच्या नावातले जोडाक्षरही झिजून पक्या होतो. स्त्रियांच्या नावात हेच काम 'ई' करते. शकुंतलेची शकी होते, सुलोचनेची सुली होते. 'ऊ' मात्र दोघांनाही चालतो आणि तो बराच सौम्य आहे.

तो सौम्य कसा, हे व्याकरणच सांगते. राजू मोठा झाला की राजूभाऊ होतो, शकूची शकूमावशी होते. 'राजूभाऊ आले', 'शकूमावशी आल्या' असे आपण अडखळल्याशिवाय म्हणतो. पण 'पक्याभाऊ' किंवा 'शकीमावशी' म्हणून पाहा, थट्टा केल्यासारखे वाटते. 'पक्या आले' हे तर जिभेवर येतच नाही. पक्या नेहमी 'आला'च असतो. म्हणजे 'ऊ' आदराला जागा ठेवतो आणि 'या' ती ठेवत नाही. इथे कोणी तात्यांचे उदाहरण देईल. आपल्या नाशिकने कुसुमाग्रजांना आयुष्यभर तात्यासाहेब म्हटले, आणि त्यात आदरच होता. पण 'तात्या' हे कोणाचे नाव तोडून केलेले रूप नाही, ते अण्णा आणि आबा यांच्यासारखे वडीलधाऱ्यांचे संबोधन आहे, म्हणून त्याला 'साहेब' सहज जोडले जाते.

मग प्रौढ माणसाला 'या' लावणे केव्हा शोभते? समजा, रविवार कारंज्याजवळ पन्नाशीच्या प्रकाशरावांचे दुकान आहे. पंचवटीतला बालमित्र पायरीवरूनच विचारतो, "काय पक्या, बोहनी झाली का?" आतून उत्तर येते, "ये सुऱ्या, बस." इथे दोघांकडेही 'या' आहे, आणि दोघांनाही तो उलट देण्याचा हक्क आहे. ही देवाणघेवाणच त्याला ऊब देते. त्याच दुकानात प्रकाशरावांचे नवे व्याही बसलेले असतील, तर शहाणा सुरेश आल्याआल्या 'प्रकाशराव' म्हणेल आणि व्याही गेल्यावर पुन्हा पक्यावर येईल. मैत्री तीच राहते, फक्त ऐकणारा बदललेला असतो.

आता त्याच रस्त्यावरचे दुसरे दृश्य पाहू. शेजारच्या मालकाचा विशीतला मुलगा साठीच्या हमालाला म्हणतो, "ए रम्या, पोती उचल." हमालाचे उत्तर "हो शेठ" एवढेच असते. त्याला उलट 'या' लावता येत नाही, आणि अपमान नेमका तिथे आहे. गावगाड्यात गड्यांची आणि खालच्या मानलेल्या जातींतल्या माणसांची नावे वय न पाहता अशीच तोडली जात. वाड्यातले पोरही म्हाताऱ्याला 'ए' करून हाक मारी. तो इतिहास या प्रत्ययाला चिकटलेला आहे, त्यामुळे 'मी प्रेमाने म्हणालो' हा खुलासा अशा वेळी मला तरी पटत नाही.

एकतर्फी 'या' प्रेमाचा असतच नाही असे मात्र नाही. आत्या सत्तरीतही भाच्याला दत्त्या म्हणेल, कधी लाडात त्याला नपुंसकलिंगी करून "आमचं दत्तू आलं का?" असेही विचारेल, आणि भाचा सुखावेल, कारण तिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलेले आहे. जनाबाईंनी तर प्रत्यक्ष विठ्ठलाला 'विठ्या' म्हणून शिव्या दिल्या आहेत. तो अधिकार त्यांच्या भक्तीचा होता. कीर्तनाला बसलेले आपण विठोबाच म्हणतो.

खरी अडचण कार्यालयात येते. नव्याने रुजू झालेला तरुण आपल्या वरिष्ठांना त्यांच्या मित्राने मारलेली हाक ऐकतो आणि सलगी म्हणून तीच उचलतो. समजा, त्या वरिष्ठांचे नावही प्रकाशच आहे आणि ते स्वतः "मला पक्याच म्हण" म्हणाले, तरीही एक पेच उरतो. 'या'ला 'तू' लागतो. "पक्या, तुम्ही चहा घेणार का?" हे वाक्य मराठीत उभेच राहत नाही. त्या तरुणाच्या तोंडी 'तू' येत नसेल, तर त्याने प्रकाशभाऊ म्हणावे. त्यात आपुलकीही आहे, आणि 'तुम्ही'ही बिनदिक्कत म्हणता येते.