दोन "पुणे", एक ऑब्जेक्ट

नमस्कार श्रोतेहो. जावामध्ये काम करणाऱ्यांना हमखास गोंधळात टाकणारी एक गोष्ट आज बघू. प्रोग्राममध्ये एक ओळ आहे: शहर "पुणे" असेल तर डिलिव्हरीचा खर्च शून्य. लिहिणाऱ्याने तुलना `==` ने, म्हणजे दोन बरोबर चिन्हांनी केली. टेस्ट लिहिली, त्यात शहर म्हणून अवतरणात "पुणे" दिलं, टेस्ट पास. मग खरं ग्राहक आलं, त्याने फॉर्ममध्ये पुणे टाइप केलं आणि खर्च लागला! लॉगमध्ये दोन्हीकडे स्वच्छ "पुणे" दिसतंय. मागेपुढे मोकळी जागा नाही, स्पेलिंगही तेच.

जावात स्ट्रिंगचं व्हेरिएबल म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेला पत्ता. मजकूर त्या पत्त्यावरच्या घरात असतो. `==` फक्त चिठ्ठ्या ताडून बघतं, घरात डोकावत नाही. म्हणजे फॉर्ममधल्या तुलनेचं "नाही" हे उत्तर रास्तच आहे. कोडं वेगळंच आहे: टेस्टमध्ये "हो" कसं आलं? टेस्टचा "पुणे" एका क्लासमध्ये लिहिलाय, तुलनेतला दुसऱ्याच क्लासमध्ये.

कंपायलर प्रत्येक क्लास फाइलमध्ये कॉन्स्टंट पूल नावाची यादी ठेवतो. त्यात तुमचा "पुणे" निव्वळ मजकूर म्हणून नोंदलेला असतो, ऑब्जेक्ट अजून जन्मलेलं नसतं. `javap -c` चालवून बघा, लिटरल वापरलंय तिथे `ldc` ही सूचना दिसेल. चालत्या प्रोग्राममध्ये ती पहिल्यांदा आली की जेव्हीएम एका सामाईक तक्त्यात शोधतं: या मजकुराची स्ट्रिंग आहे का? असेल तर तिचाच पत्ता मिळतो. नसेल तर नवी बनते, तक्त्यात जाते आणि मग पत्ता मिळतो. हा तक्ता म्हणजेच स्ट्रिंग पूल. तो क्लासागणिक वेगळा नसतो, अख्ख्या जेव्हीएमला एकच असतो. म्हणून टेस्टचा आणि तुलनेचा "पुणे" एकाच ऑब्जेक्टवर जाऊन टेकले. हा योगायोग नाही, जावा भाषेच्या नियमावलीतच तशी हमी आहे. आणि हे वाटून घेणं बिनधोक, कारण स्ट्रिंग एकदा बनली की बदलता येत नाही.

फॉर्ममधून आलेलं "पुणे" मात्र प्रोग्राम चालू असताना बाइट्समधून तयार झालं. ते या तक्त्याकडे फिरकलंच नाही, त्याचा पत्ता निराळा.

यात एक गंमत आहे. `"पु" + "णे"` असं लिहिलंत तर कंपायलर ते आधीच जोडून टाकतो, म्हणजे तेही पूलमधलंच. "पु" हे `final` व्हेरिएबलमध्ये थेट ठेवून जोडलंत, तरी तसंच. पण तो `final` शब्द खोडा, आणि जोडणी प्रोग्राम चालताना होते, ऑब्जेक्ट नवं बनतं, `==` चं उत्तर उलटं. एका शब्दाने! मला तर `==` ने स्ट्रिंग ताडण्याविरुद्ध एवढा एकच पुरावा पुरतो.

आता `intern()`. कुठल्याही स्ट्रिंगवर ही मेथड बोलावली की तोच तक्ता तपासला जातो आणि पूलमधल्या प्रतीचा पत्ता परत मिळतो. परत मिळतो, हे लक्षात ठेवा. नुसतं `शहर.intern();` लिहून पुढे गेलात तर `शहर` जुन्याच पत्त्यावर राहतं. `शहर = शहर.intern();` असं लिहावं लागतं.

मग फॉर्ममधलं सगळं `intern()` करून `==` वापरायचं का? माझं मत, नको. `equals` आधी पत्तेच बघतं. ते जुळले तर तिथेच "हो" म्हणतं, नाहीतर मजकूर तपासतं. वेगात फारसं काही हाती लागत नाही, आणि एका ठिकाणी `intern()` राहून गेलं की बग परत हजर. लाखो नोंदींमध्ये मोजकीच जिल्ह्यांची नावं पुन्हापुन्हा येत असतील आणि त्या सगळ्या मेमरीत ठेवायच्या असतील, तर `intern()` कामाचं. प्रत्येक नोंदीत वेगळाच असणारा ऑर्डर नंबर त्यात ढकलला, तर वाटून घेण्यासारखं काही नसतं, तक्ता उगाच फुगतो.

जावा 6 पर्यंत ओरॅकलच्या जेव्हीएममध्ये या स्ट्रिंग पर्मजेन नावाच्या ठरावीक आकाराच्या भागात राहायच्या, आणि अंदाधुंद `intern()` केलं की तो भाग भरून प्रोग्राम कोसळायचा. जावा 7 पासून त्या नेहमीच्या हीपवर आल्या. वापरात नसलेली स्ट्रिंग गार्बेज कलेक्टर तिथून उचलून नेतो.

जाता जाता, लॉक म्हणून कधी लिटरल वापरू नका. तुम्ही `synchronized ("LOCK")` लिहिलंत आणि कुठल्या तरी लायब्ररीनेही तेच अक्षरशः लिहिलं असेल, तर दोघांचं कुलूप एकच ऑब्जेक्ट ठरतं, आणि एकमेकांशी संबंध नसलेले दोन थ्रेड एकमेकांसाठी ताटकळत बसतात. तिथे `new Object()` घ्या.