बी-ट्रीमधली वजाबाकी: उसनवारी आणि विलीनीकरण

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बी-ट्रीमध्ये किल्ली घालणे बहुतेकांना एका बैठकीत समजते. नोड भरला की तो दुभंगतो, मधली किल्ली वर जाते आणि काम संपते. किल्ली काढण्याचा भाग मात्र पाठ्यपुस्तकात अनेकदा दोन परिच्छेदांत उरकलेला असतो, आणि प्रोग्रॅम लिहायला बसल्यावर नेमक्या त्याच दोन परिच्छेदांत सगळे अडते. म्हणून आज मी एकच झाड घेणार आहे आणि त्यातून चार किल्ल्या एकामागून एक काढणार आहे.

रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास ही रचना मांडली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न डिस्कवरच्या मोठ्या अनुक्रमणिकेचा होता. डिस्कवरून एकेक किल्ली उचलणे परवडत नाही, त्यामुळे एका नोडमध्ये शेकडो किल्ल्या ठेवायच्या आणि झाड बुटके राखायचे. आपल्या फळ्यावर शेकडो मावणार नाहीत, म्हणून आपण एका नोडला जास्तीत जास्त पाच मुले, म्हणजे जास्तीत जास्त चार किल्ल्या, अशी मर्यादा घेऊ. रूट सोडून प्रत्येक नोडमध्ये किमान दोन किल्ल्या हव्यात, लीफ नसलेल्या नोडची मुले त्याच्या किल्ल्यांपेक्षा बरोबर एकाने जास्त हवीत, आणि सगळे लीफ एकाच पातळीवर हवेत. आजचे सगळे काम हे तीन नियम टिकवण्यासाठी आहे. सुरुवातीचे झाड असे आहे:

```
रूट:      [५०]
डावा:     [२० ३५]
  लीफ:    [५ १० १२ १५] [२५ ३०] [४० ४५]
उजवा:     [६५ ७५ ८८]
  लीफ:    [५५ ६०] [६८ ७२] [८० ८४] [९० ९५]
```

पहिल्यांदा १० काढू. त्या लीफमध्ये चार किल्ल्या आहेत, तीन उरतात, नियम मोडत नाही. यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

आता ३० काढू. लीफमध्ये एकटा २५ उरतो, म्हणजे एका किल्लीची तूट आली. उजवीकडच्या भावंडाकडे ४० आणि ४५ या दोनच किल्ल्या आहेत, त्याच्याकडून घेतले तर तूट फक्त घर बदलेल. डावीकडच्या भावंडाकडे ५, १२, १५ अशा तीन आहेत, त्यामुळे ते एक देऊ शकते. शेजारच्या घरातून वाटीभर साखर जशी थेट आपल्या घरात येते, तशी ही उसनवारी होत नाही, ती पालकाच्या हातूनच व्हावी लागते. समजा, आपण १५ सरळ उचलून २५ च्या शेजारी ठेवला. पालकात या दोन लीफांमधला दुभाजक अजूनही २० आहे. उद्या कोणी १५ शोधायला आला, तर १५ हा २० पेक्षा लहान म्हणून शोध डावीकडच्या लीफमध्ये जाईल आणि तिथे १५ सापडणार नाही. किल्ली झाडात असूनही शोधाला दिसत नाही. म्हणून भावंडाची सर्वांत मोठी किल्ली १५ पालकात जाते आणि पालकातला जुना दुभाजक २० खाली तुटीच्या लीफमध्ये येतो. डावा नोड आता [१५ ३५] झाला आणि त्याचे लीफ [५ १२], [२० २५], [४० ४५] असे झाले. पालकातल्या किल्ल्यांची संख्या बदलली नाही, त्यामुळे तूट वर सरकत नाही. उसनवारीचा हाच मोठा फायदा आहे, ती जिथे होते तिथेच प्रकरण मिटते.

तिसरी किल्ली ५० ही रूटमध्येच बसलेली आहे, आणि या एका वजाबाकीत बहुतेक सगळे प्रकार भेटतात. लीफ नसलेल्या नोडमधली किल्ली सरळ काढता येत नाही, कारण ती दोन मुलांमधला दुभाजक असते. तिच्या जागी तिच्या लगतची लहान किंवा लगतची मोठी किल्ली आणून बसवावी लागते, आणि या दोन्ही नेहमी लीफमध्येच सापडतात. आपण लगतची लहान घेऊ, म्हणजे डाव्या उपवृक्षातली सर्वांत मोठी, ४५. रूट [४५] झाला आणि खालच्या लीफमध्ये एकटा ४० उरला. त्याला लागून एकच भावंड आहे, [२० २५], आणि त्याच्याकडे द्यायला जादा काही नाही. उसनवारी शक्य नाही, म्हणून दोन्ही लीफ एकत्र करायचे. इथे दुभाजक ३५ विसरून चालत नाही. दोन लीफ एक झाल्यावर पालकात त्याला जागा उरत नाही, आणि तो किल्ली म्हणून खरा डेटा आहे, म्हणून तो खाली येतो आणि [२० २५ ३५ ४०] असा एक लीफ तयार होतो. हे मावेल का, अशी शंका घ्यायचे कारण नाही: तुटीच्या नोडमध्ये एक, दुभाजक एक आणि किमान पातळीवरच्या भावंडात दोन, मिळून चार, म्हणजे बरोबर आपली कमाल मर्यादा.

विलीनीकरणात पालकाची एक किल्ली जाते, त्यामुळे तूट एक पायरी वर सरकते. डाव्या नोडमध्ये आता एकटा १५ आहे. त्याचे भावंड [६५ ७५ ८८] यांच्याकडे तीन किल्ल्या आहेत, तेव्हा इथे उसनवारी करता येते. रूटमधला ४५ खाली डाव्या नोडमध्ये येतो आणि ६५ रूटमध्ये चढतो. लीफच्या पातळीवर एवढ्याने भागले होते, इथे भागत नाही. ६५ वर गेल्यावर त्याच्या डावीकडचा लीफ [५५ ६०] पोरका होतो. त्यातल्या किल्ल्या ४५ आणि ६५ यांच्या मधल्या आहेत, म्हणून तो लीफ डाव्या नोडचे शेवटचे मूल म्हणून जोडायचा:

```
रूट:      [६५]
डावा:     [१५ ४५]
  लीफ:    [५ १२] [२० २५ ३५ ४०] [५५ ६०]
उजवा:     [७५ ८८]
  लीफ:    [६८ ७२] [८० ८४] [९० ९५]
```

विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममध्ये सर्वाधिक चुका मी याच टप्प्यावर पाहिल्या आहेत. किल्ल्या फिरतात, पण मूल हलत नाही. मग उजव्या नोडमध्ये दोन किल्ल्या आणि चार मुले राहतात, आणि सगळी मुले एका घराने मागे पडतात. ६८ शोधा: तो ६५ पेक्षा मोठा, ७५ पेक्षा लहान, म्हणून शोध पहिल्या मुलात जातो, आणि ते मूल अजून [५५ ६०] असते. ८० शोधायला गेल्यास [६८ ७२] पुढे येतो. एकही किल्ली पुसली गेलेली नसताना त्या बाजूच्या लीफांमधले काहीच सापडत नाही. हे पकडायचे असेल, तर प्रत्येक वजाबाकीनंतर सगळ्या नोडमधून फिरून मुलांची संख्या किल्ल्यांपेक्षा एकाने जास्त आहे ना, एवढे तपासले तरी दोष ताबडतोब उघडा पडतो.

दुसरा दोष अधिक लबाड आहे. ४५ हा लीफमधून निघाला, रूटमध्ये पोहोचला आणि त्याच वजाबाकीत उतरून डाव्या नोडमध्ये स्थिरावला, हे आपण पाहिले. काही जण आधी लीफमधून ४५ काढून सगळी डागडुजी पूर्ण करतात आणि शेवटी, सुरुवातीला लक्षात ठेवलेल्या रूटमधल्या जागी ४५ लिहितात. पण डागडुजी चालू असताना त्या जागी ५० होता. तो उसनवारीत खाली गेला आणि तिथे ६५ आला. आता ४५ लिहिला की ६५ पुसला जातो, आणि ज्याला काढायचे होते तो ५० डाव्या नोडमध्ये जिवंत राहतो. किल्ल्यांची एकूण संख्या मात्र बरोबर जुळते, त्यामुळे केवळ मोजणीवर विसंबणारी चाचणी हे पास करते. किल्ली आधी बदलायची, डागडुजी नंतर करायची, हा क्रम म्हणून पाळायचा.

चौथी किल्ली ८४. तिच्या लीफमध्ये ८० उरतो आणि दोन्ही भावंडे, [६८ ७२] आणि [९० ९५], किमान पातळीवर आहेत. कोणाशीही जोडता येईल, आपण डावीकडच्याशी जोडू: ६८, ७२, वरून आलेला ७५ आणि ८०. उजव्या नोडमध्ये ८८ एकटा पडतो. त्याचे एकमेव भावंड [१५ ४५] किमान पातळीवर आहे, म्हणून इथेही विलीनीकरण, आणि रूटमधला ६५ मध्ये उतरतो. रूटमध्ये आता एकही किल्ली नाही आणि मूल एकच आहे. असा रिकामा रूट टाकून द्यायचा आणि त्या मुलाला रूट करायचे:

```
रूट:      [१५ ४५ ६५ ८८]
  लीफ:    [५ १२] [२० २५ ३५ ४०] [५५ ६०] [६८ ७२ ७५ ८०] [९० ९५]
```

झाडाची उंची तीनवरून दोनवर आली. बी-ट्रीची उंची फक्त अशी, वरच्या टोकाकडून कमी होते, आणि म्हणूनच सगळे लीफ एका पातळीवर राहतात.

सुरुवातीला २२ किल्ल्या होत्या, आता १८ आहेत, हिशेब जुळतो. पण या झाडात ३० पुन्हा घालून पाहा. तो [२० २५ ३५ ४०] या भरलेल्या लीफमध्ये जायला हवा, म्हणून लीफ दुभंगतो आणि ३० स्वतःच मधला असल्याने वर चढतो. वर रूटही भरलेला आहे, तोही दुभंगतो, मधला ४५ नव्या रूटमध्ये जातो आणि उंची पुन्हा तीन होते. विलीनीकरणाने बनलेला नोड काठोकाठ भरलेला असतो, त्यामुळे आताच जोडलेले पुढच्याच नोंदीला फोडावे लागते. आपल्या झाडात हे टोकाला गेले, कारण नोड अगदी लहान आहेत. मात्र ज्या तक्त्यात त्याच परिसरात सतत नोंदी येतात आणि जातात, तिथे हाच जोड-तोडीचा खेळ डिस्कवर लिहिण्याचे काम वाढवतो.

प्रत्यक्षातल्या डेटाबेसांनी पाठ्यपुस्तकातला नियम जसाच्या तसा न पाळण्यामागे हे एक कारण आहे. तिथे बहुधा बी-प्लस प्रकारचे झाड असते, ज्यात सगळ्या नोंदी लीफमध्येच असतात आणि दुभाजक केवळ वाटाड्या असतो, त्यामुळे लीफ जोडताना तो खाली न आणता टाकून देता येतो. मायएसक्यूएलमधले इनोडीबी हे इंजिन पेज, म्हणजे डिस्कवरचा नोड, किती रिकामे झाल्यावर शेजाऱ्याशी जोडून पाहायचे, ते `MERGE_THRESHOLD` या मर्यादेने ठरवते. ती मुळात ५० टक्के असते, आणि जोडलेली पेजेस लगेच फुटत असतील तर ती कमी करता येते. पोस्टग्रेस त्याहून सबुरीने वागते. तिथे अर्धवट रिकामी पेजेस जोडलीच जात नाहीत, पेज पूर्ण रिकामे झाले तरच झाडातून काढले जाते, आणि कोणत्याही पातळीवरचे सर्वांत उजवे पेज काढत नसल्यामुळे झाडाची उंची कधीच घटत नाही. प्रचंड नोंदी काढल्यावर वरच्या पातळ्यांवर एकेकच पेज उरले, तर पोस्टग्रेस त्या पातळ्या तशाच ठेवते, जिथून खरी फांदीफूट सुरू होते ते खालचे पेज वेगळे नोंदवून ठेवते आणि शोध तिथूनच सुरू करते.