नाव काढून टाकलं, तरी माणूस ओळखू येतोच

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन, त्यावर मुलाखतीचा ट्रान्सक्रिप्ट, कर्सर एका ओळीवर थांबलेला)

हा जो ट्रान्सक्रिप्ट दिसतोय तो खरा नाही, या फिल्मसाठी मुद्दाम लिहिलाय, पण अशा मुलाखती रोज होत असतात. रिसर्चचा विषय असा की हॉस्पिटलमध्ये एखादी दुर्घटना झाली की ठपका कोणावर येतो. बोलणारा नर्स आहे. तो म्हणतो, "मी इथे डायलिसिसला २०११ पासून आहे. आमच्या युनिटमध्ये पुरुष नर्स मी एकटाच. ज्या रात्री आग लागली ना, ड्युटी माझीच होती, आणि नंतर पाटील मॅडमनी मला एकट्यालाच नोटीस दिली."

मुलाखत घेणाऱ्या विद्यार्थिनीने त्याची ओळख लपवायची म्हणून त्याचं नाव काढून टाकलं, वर P07 हा सांकेतिक क्रमांक लिहिला, आणि तिला वाटलं की झालं काम. आता एवढंच बघा, या चार ओळी त्याच हॉस्पिटलमधल्या कोणीही वाचल्या तर हा माणूस कोण ते कळायला किती वेळ लागेल? दुसरं वाक्य संपायच्या आतच कळेल. आणि ज्याने विश्वास ठेवून सांगितलं त्याची नोकरी अजून त्याच मॅडमच्या हाताखाली आहे.

(दृश्य: जुन्या कागदी फायली, कपाटं)

नाव नसताना माणूस सापडतो हे फार पूर्वीच सिद्ध झालंय. १९९७ साली अमेरिकेत लतान्या स्वीनी नावाची एक विद्यार्थिनी होती, मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांचा हॉस्पिटलचा डेटा रिसर्चसाठी दिला होता, नावं आणि पत्ते काढून. तिने केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही जुळवून बघितलं. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले त्या यादीत फक्त ६ जण, त्यातले ३ पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये ते एकटेच. म्हणजे जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून राज्याच्या प्रमुखाची मेडिकल फाइल सापडली.

तिथे तर नुसते तक्त्यातले रकाने होते. मुलाखतीत माणूस आपलं आयुष्यच सांगत असतो, त्यामुळे प्रत्येक पानावर असे धागे पडलेले असतात, आणि एकेकटा धागा निरुपद्रवी वाटतो. डायलिसिसचे नर्स पुष्कळ असतात, पुरुष नर्सही असतात, २०११ ला लागलेलेही खूप, पण हे तिन्ही ज्याला लागू पडतं असा माणूस एकच उरतो. आणि आगीची बातमी तर पेपरातही आलेली असणार.

(दृश्य: ट्रान्सक्रिप्टवर एकेक शब्द हायलाइट होतो)

मग काय ठेवायचं आणि काय काढायचं? इथे आधी रिसर्चचा प्रश्न समोर ठेवावा लागतो, नाहीतर लोक घाबरून सगळंच काळं करून टाकतात आणि मग वाचायला काही उरतच नाही. आपला प्रश्न ठपक्याचा आहे, म्हणजे "मला एकट्यालाच नोटीस दिली" हा जीव आहे, त्याला हात लावायचा नाही. डायलिसिस असो की अजून काही, प्रश्नाला फरक पडत नाही, म्हणून तिथे "एका विशेष विभागात". २०११ च्या जागी "दहाहून जास्त वर्षं", कारण माणूस जुना आहे एवढंच कळायला हवं. आगीच्या जागी "आपत्कालीन घटना". पाटील मॅडमच्या जागी "वरिष्ठ अधिकारी". हे सगळं चौकोनी कंसात लिहायचं, म्हणजे हे शब्द बोलणाऱ्याचे नाहीत, आपण घातलेत, हे वाचणाऱ्याला दिसतं.

राहिलं "पुरुष नर्स मी एकटाच". इथे मराठीची खरी अडचण येते. इंग्रजी ट्रान्सक्रिप्टमध्ये हे एक वाक्य काढलं की बोलणारा पुरुष की बाई ते बऱ्याचदा लपून जातं, पण मराठीत "मी गेलो होतो", "मी घाबरलो", "एकटाच", "एकट्यालाच", असे शब्द जागोजागी ते सांगत राहतात. ते सगळं बदलायला गेलं तर त्याची भाषाच मरते. त्यामुळे उलटा निर्णय जास्त बरा, लिंग राहू द्यायचं, पण तो "एकटाच आहे" हे वाक्य काढायचं आणि युनिट झाकायचं. विशेष विभागातला एक पुरुष नर्स म्हटलं की शोधणाऱ्याच्या हाताला फारसं काही लागत नाही.

(दृश्य: फाइंड अँड रिप्लेसची खिडकी)

आता एक चूक सांगतो जी जवळजवळ प्रत्येक टीमकडून होते. वर्डमध्ये फाइंड अँड रिप्लेस उघडायचं, "पाटील" टाकायचं आणि रिप्लेस ऑल. पण पुढच्या पानावर तो म्हणालाय, "पाटलांना मी तेव्हाच सांगितलं होतं." विभक्ती लागली की नाव बदलतं, "पाटील" शोधून "पाटलांना" सापडतच नाही. वाघमारे असेल तर "वाघमाऱ्यांनी" होतं, आणि त्यातला तो अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारांनी टाइप होतो, स्क्रीनवर अगदी सारखा दिसतो पण कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं वेगळी, म्हणून एका पद्धतीने शोधलं तर दुसरी सुटू शकते. उलट बाजूने, "माया" नावाच्या बाईला झाकायला गेलात तर "मायाळू" मधली मायासुद्धा उडते. सर्च वापरायला हरकत नाही, नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवर शोधा, पण त्यानंतर पूर्ण ट्रान्सक्रिप्ट एकदा शांतपणे डोळ्याने वाचायलाच लागतो, याला दुसरा मार्ग नाही.

आणि फक्त एकच ट्रान्सक्रिप्ट वाचून भागत नाही. P07 मध्ये तुम्ही "एकटाच" काढलं, पण P11 ही त्याच हॉस्पिटलमधली दुसरी नर्स, ती सहज म्हणून जाते की आमच्या डायलिसिसला जो एक पुरुष नर्स आहे ना, त्याला बिचाऱ्याला नोटीस आली. झालं, दोन फायली शेजारी ठेवल्या की सगळं उघड. म्हणून बदलांची एक नोंद ठेवायची, कुठल्या फाइलमध्ये कुठल्या पानावर काय होतं, त्याच्या जागी काय घातलं, का घातलं, आणि तेच बदल सगळीकडे सारखे करायचे. पण लक्षात घ्या, या नोंदीत मूळ शब्द असतात, म्हणजे तीसुद्धा गोपनीयच, ती स्वच्छ केलेल्या फायलींच्या शेजारी ठेवायची नाही.

तपासायचं कसं? ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने सुचवलेली एक कसोटी आहे, की ज्याला आधीची काही माहिती नाही पण शोधायची जिद्द आहे, इंटरनेट आहे, अशा सामान्य माणसाला यातून व्यक्ती सापडेल का. टीममधल्या ज्याने ती मुलाखत घेतलेली नाही त्याला फाइल द्या आणि शोधायला सांगा. पण मला ही कसोटी पुरेशी वाटत नाही, कारण आपल्या नर्सला धोका अनोळखी माणसाकडून कमी आहे, सहकाऱ्याकडून जास्त आहे, आणि सहकाऱ्याला आधीची सगळीच माहिती असते. अशा वेळी सरळ उपाय म्हणजे स्वच्छ केलेला ट्रान्सक्रिप्ट त्या नर्सलाच वाचायला द्यायचा. कुठल्या वाक्यावरून आपण ओळखू येऊ हे त्याच्याइतकं कोणाला कळणार!

(दृश्य: फोल्डरची यादी)

आता या फायली राहतात कुठे ते बघू. एका मुलाखतीच्या साधारण एवढ्या वस्तू होतात: मूळ रेकॉर्डिंग, पूर्ण ट्रान्सक्रिप्ट, स्वच्छ केलेला ट्रान्सक्रिप्ट, बदलांची नोंद आणि नावांची यादी.

```
P07_raw.wav
P07_v1_full.docx
P07_v2_anon.docx
anon_log.xlsx
key_list.xlsx
```

यातली शेवटची, P07 म्हणजे कोण हे सांगणारी यादी, सगळ्यात धोक्याची. ती आहे तोवर बाकीचा डेटा खरा निनावी होतच नाही, युरोपच्या जीडीपीआर कायद्यातही असा टोपणनाव दिलेला डेटा वैयक्तिक माहितीच धरतात. म्हणून विद्यापीठाच्या डेटा मॅनेजमेंट प्लॅनमध्ये, म्हणजे डेटा कुठे आणि कसा ठेवणार हे लिहिलेल्या कागदात, ही यादी ट्रान्सक्रिप्टपासून वेगळ्या जागी, एन्क्रिप्ट करून, एक किंवा दोनच जणांच्या ताब्यात, असं स्पष्ट लिहायचं, कोणाच्या ते पण लिहायचं. एन्क्रिप्शनसाठी व्हेराक्रिप्टसारखं फुकट सॉफ्टवेअर चालतं, फक्त पासवर्ड हरवला तर फाइल गेली, परत मिळवायची सोय नाही, त्यामुळे तो दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे सुरक्षित असायला हवा.

बाकी डेटा विद्यापीठाच्या नेटवर्क ड्राइव्हवर, जिथे रोजचा बॅकअप होतो आणि कोणाला आत यायचं हे ठरवता येतं. पेन ड्राइव्हवर मूळ रेकॉर्डिंग ठेवून फिरायचं नाही. फोनवर रेकॉर्ड केलं असेल तर आधी सेटिंग बघा, कारण बरेच फोन आपोआप स्वतःच्या क्लाउडवर कॉपी चढवतात आणि प्लॅनमध्ये न लिहिलेली एक प्रत कुठेतरी पडून राहते. वर्ड फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस चालू राहिलं तर काढलेलं नाव एका क्लिकवर परत दिसतं, पीडीएफमध्ये काळी पट्टी नुसती वर चिकटवली तर खालचा मजकूर कॉपी होतो.

डिलीटचंही तसंच. रिसायकल बिन रिकामा केला म्हणजे फाइल नष्ट होत नाही, आणि हल्लीच्या एसएसडी डिस्कवर वरून दुसरं काही लिहून पुसणं भरवशाचं नाही, कारण डिस्क स्वतःच ठरवते की नवीन डेटा कुठे लिहायचा. म्हणून लॅपटॉपची पूर्ण डिस्क पहिल्या दिवसापासूनच एन्क्रिप्ट असायला हवी, विंडोजवर बिटलॉकर किंवा मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू करून, पहिली रेकॉर्डिंग त्यात टाकायच्या आधी.

(दृश्य: संमतीपत्राचा कागद, त्यावर पेन)

रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं? आवाज हीच ओळख आहे, त्याला कंस लावता येत नाही. ट्रान्सक्रिप्ट एकदा आवाजाशी ताडून बघितला की बऱ्याच प्लॅनमध्ये रेकॉर्डिंग पुसायचं ठरलेलं असतं, पण संमतीपत्रात जे लिहिलंय त्याच्याशी ते जुळायला हवं. संमतीपत्रात "फक्त आमची टीम वाचेल" असं लिहून नंतर ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या डेटा आर्काइव्हमध्ये सगळ्यांसाठी टाकता येत नाही. प्लॅन आणि संमतीपत्र एकाच टेबलावर, एकाच वेळी लिहायचे असतात, पहिल्या मुलाखतीच्या आधी.

आणि काही ट्रान्सक्रिप्ट असे असतात की कितीही झाकलं तरी माणूस दिसतोच, आपल्या P07 चा कदाचित तसाच असेल. मग तो आर्काइव्हमध्ये बंद ठेवायचा, अर्ज करून परवानगी मिळालेल्यालाच उघडायचा, किंवा सरळ ठेवायचाच नाही, त्यातलं एखादं वाक्य तेवढं प्रबंधात घ्यायचं.

राहिली ती नावांची यादी. ती पुसायची तारीख प्लॅनमध्ये लिहिलेली असते, आणि ती तारीख संमतीपत्रातही सांगायला लागते, कारण यादी गेल्यावर नर्स म्हणाला की माझी मुलाखत काढून टाका, तर कुठला ट्रान्सक्रिप्ट त्याचा हे टीमलाही खात्रीने सांगता येणार नाही. म्हणून आधी माघार घ्यायची शेवटची तारीख येते, त्याला ती पुन्हा कळवली जाते, आणि ती उलटून गेल्यावरच `key_list.xlsx` पुसली जाते, सगळ्या बॅकअपमधूनसुद्धा.