जनसुनावणीचा शेवटचा अर्धा तास

विषय दिलाय ‘प्रशासकीय निर्णयात बाधितांचं स्थान’. तिथे येतोच, पण आधी पर्यावरण मंजुरीपूर्वीच्या जनसुनावणीच्या मांडवात जाऊन येऊ.

समजा, निफाड तालुक्यात मळीपासून रोज 60 हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी येतेय. लिटरमागे साधारण दहा लिटर स्पेंटवॉश निघतो, म्हणजे दिवसाला सहा लाख लिटर काळं पाणी. कागदावर ते सगळं आटवून बॉयलरमध्ये जाळायचं असतं. सुनावणीत चाळीस जण बोलतात. एकोणचाळीस म्हणतात, ‘आमचा विरोध आहे.’ त्यातले निम्मे त्याच दमात पोरांना नोकऱ्या मागतात. (हशा) इतिवृत्तात ओळ पडते, ‘ग्रामस्थांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली.’ कंपनीचं उत्तर, ‘नियमांचं पालन केलं जाईल.’ मिटला विषय.

चाळिसाव्या ताई विचारतात, ‘भूजलाच्या तक्त्यात आठ विहिरी आहेत. ओढ्याच्या खालच्या अंगाची, गाव जिचं पाणी पितं ती विहीर का नाही? यंत्रणा चार दिवस बंद पडली तर चोवीस लाख लिटर कुठे साठवणार? टाकी किती मोठी?’ इथे आश्वासन चालत नाही, आकडा द्यावा लागतो.

हे सुचायला प्रकल्पाचा पर्यावरण परिणाम अहवाल चाळावा लागतो. जाहिरातीपासून किमान 30 दिवस मिळतात. प्रती जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्रात असतात. मराठीत बहुधा सारांशच, विहिरींचा तक्ता मात्र इंग्रजी खंडात.

आता माझं आवडतं दुखणं. 2006च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे सुनावणी संपताना इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि अध्यक्षांनी, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या प्रतिनिधीनं, त्याच दिवशी सही करायची. पण तोवर धारांची वेळ झालेली असते, मांडवात उरतात खुर्च्या आणि मांडववाला. वाचन त्यांच्यासमोर होतं, आणि त्या विहिरीचा झालेला असतो ‘पाण्याचा प्रश्न’. ताईंनी थांबून तिथेच ओळ दुरुस्त करून घ्यायला हवी. शिवाय लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. चित्रीकरण सक्तीचं आहे, तेही मागता येतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. तर मूळ विषय. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. गणपूर्तीची अट नाही, आणि मंचावरचे अधिकारी मंजुरी देत नाहीत की नाकारत नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळ 8 दिवसांत कार्यवृत्त पुढे पाठवतं. तज्ज्ञ समिती छाननी करून शिफारस करते. ती समिती ताईंना भेटत नाही, फक्त कागद वाचते. मात्र हरकतींचा विचार केल्याचं कारणांसह दिसलं पाहिजे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2009 साली उत्कर्ष मंडळ प्रकरणात म्हटलंय. नोंदच नसेल तर कारण कशाचं मागणार? शहरातल्या टॉवरवाल्यांनो, तुमच्या बांधकामांना ही सुनावणीच नाही, तो वेगळा विषय. मंजुरी मिळाली तर हरित लवादात अपील 30 दिवसांत, सबळ कारण दिलं तर आणखी 60 दिवस मिळू शकतात. सोबत इतिवृत्त आणि ती पोच जोडायची. बरं, माईक देतो.