अल्फा किती खरा? आधी बीटा तपासा

सगळ्यांना आवाज येतोय ना, मागे पण? ठीक. थेट उदाहरणावरच येतो. एक फंड आहे, गेल्या 5 वर्षांत सरासरी वर्षाला 17 टक्के दिलेत, त्याच काळात मार्केट इंडेक्सने दिलेत 13. सेल्सवाला येऊन सांगतो की बघा, 4 टक्के अल्फा, म्हणजे मार्केटच्या वर मॅनेजरने स्वतःच्या हुशारीने कमावलेले, मॅनेजर जबरदस्त आहे. आणि ऐकणारा पण मान डोलावतो, कारण 17 वजा 13 म्हणजे 4, यात चूक कुठे आहे?

चूक वजाबाकीत नाहीये, कशातून काय वजा केलं त्यात आहे.

बीटा म्हणजे मार्केट 1 टक्का हललं तर तुमचा फंड सरासरी किती हलतो. या फंडाचा बीटा समजा 1.3 आहे, म्हणजे मार्केट 10 टक्के वर गेलं तर हा साधारण 13 वर आणि पडलं तर खाली पण साधारण तेवढाच. आता काहीही रिस्क न घेता 5 टक्के मिळत होते असं धरा. मार्केटने 13 दिले, म्हणजे रिस्क घेतल्याबद्दल 8 जास्त. तुमच्या फंडाने त्याच्या 1.3 पट रिस्क घेतलीये, मग त्याला 8 गुणिले 1.3 म्हणजे 10.4 जास्त मिळायलाच हवेत, त्यात 5 मिळवा, 15.4 झाले. फंडाने दिले 17, अल्फा उरला 1.6. बाकीचे 2.4 टक्के मॅनेजरच्या हुशारीचे नाहीत, तेवढी जादा रिस्क तुम्ही स्वतः थोडे पैसे उसने घेऊन इंडेक्स फंडात टाकूनही घेऊ शकला असतात (सल्ला देत नाहीये, हिशोब सांगतोय). आणि मार्केट पडणाऱ्या वर्षांत हाच 1.3 उलटा बसतो, तेव्हा मात्र हा सेल्सवाला फोन उचलत नाही.

आता मुख्य मुद्दा. अल्फा कोणी थेट मोजत नाही, तो वजाबाकी करून शेवटी उरतो. घरखर्चाच्या वहीत 'किरकोळ' नावाचा रकाना असतो ना, जे आठवलं नाही ते सगळं त्यात जातं, तसंच आहे हे. तुम्ही जे मोजायचं विसरलात ते सगळं अल्फात जाऊन बसतं, आणि त्यावर नाव मॅनेजरचं लागतं.

आपल्याच फंडात काय विसरलं ते बघू. पोर्टफोलिओ उघडला तर 40 टक्के पैसा छोट्या कंपन्यांमध्ये आहे, आणि तुलना चाललीये फक्त मोठ्या कंपन्यांच्या इंडेक्सशी. त्या 5 वर्षांत छोट्या कंपन्यांच्या इंडेक्सने समजा 16 टक्के दिले. मग खरा बेंचमार्क 60-40 चं मिश्रण हवा, त्याचे येतात 14.2. या मिश्रणाशी फंडाचा बीटा काढला तर थोडा कमी येईल, धरा 1.25. आता 14.2 मधून 5 गेले, 9.2 राहिले, गुणिले 1.25 म्हणजे 11.5, अधिक 5, झाले 16.5. अल्फा राहिला अर्धा टक्का. 4 पासून अर्ध्यावर आलो आणि फंडाच्या रिटर्नमधला एक पैसाही बदलला नाही, बदललं फक्त मोजमाप.

हे घरी बसून करता येतं. 60 महिन्यांचे आकडे घ्या, मार्केट आणि फंड दोन्हींच्या रिटर्नमधून त्या महिन्याचा बिनरिस्कचा रेट वजा करा, मार्केट ए कॉलममध्ये, फंड बी मध्ये, आणि स्प्रेडशीटमध्ये एवढं टाका:

```
=SLOPE(B2:B61,A2:A61)
=INTERCEPT(B2:B61,A2:A61)
=RSQ(B2:B61,A2:A61)
```

पहिला बीटा, दुसरा महिन्याचा अल्फा, त्याला साधारण 12 ने गुणा. पण माझं ऐकाल तर आधी तिसरा आकडा बघा, आर-स्क्वेअर्ड, म्हणजे फंडाच्या हलण्यातला किती भाग इंडेक्सच्या हलण्याशी जुळतो. तो 0.9 च्या आसपास असेल तर तुलना बऱ्यापैकी जुळतेय. तो 0.4 असेल तर या फंडाचा आणि या इंडेक्सचा फारसा संबंधच नाही, मग त्या अल्फावर चर्चा करत बसू नका, आधी बेंचमार्क बदला.

आणखी एक प्रकार आहे, तो जास्त डेंजर, कारण त्यात फंड खूप शांत आणि सेफ दिसतो. समजा फंडात अशा गोष्टी आहेत ज्यांचे रोज व्यवहारच होत नाहीत, त्यामुळे त्यांची किंमत उशिरा अपडेट होते. मार्केट या महिन्यात 10 टक्के पडलं, फंड दाखवतो 4 टक्के घट, आणि उरलेली 4 पुढच्या महिन्यात हळूच. त्याच महिन्याचे आकडे लावले की बीटा येतो 0.4, खरा आहे 0.8. जो 0.4 बीटा लपला त्याला मार्केटने बिनरिस्कच्या रेटवर जे 8 टक्के जास्त दिले त्यांनी गुणा, 3.2 टक्के, एवढा अल्फा निव्वळ जुन्या किमतीतून तयार झाला. पकडायचं कसं, तर फंडाचा रिटर्न मागच्या महिन्याच्या मार्केटशी पण लावून बघा आणि दोन्ही बीटा मिळवा. बेरीज एकट्या बीटापेक्षा बरीच मोठी आली तर काय ते समजा. एल्रॉय डिमसनने 1979 मध्ये मांडलेली ही आयडिया आहे.

बरं, समजा बेंचमार्क बरोबर आहे, किमती ताज्या आहेत, तरी 4 टक्के अल्फा दिसतोय. मग? मग नशीब. बीटाचा भाग काढून टाकल्यावरही फंड वर्षाला इकडेतिकडे हलतोच, ते हलणं समजा 6 टक्के. 5 वर्षांच्या सरासरीतली अनिश्चितता म्हणजे 6 भागिले 5 चं वर्गमूळ, साधारण 2.7 टक्के. योगायोग नाही असं जरा विश्वासाने म्हणायला अल्फा याच्या निदान दुप्पट हवा, म्हणजे 5.4. आपला 4 तिथे पोचत नाही. त्याला 9 वर्षं लागतील, आणि खरा अल्फा 2 असेल तर 36 वर्षं, तोपर्यंत मॅनेजर रिटायर झालेला असेल.

आता उलट बाजूने बघा. 1000 फंड घ्या, एकाही मॅनेजरकडे काही स्किल नाही, सगळ्यांचा खरा अल्फा शून्य. तरीसुद्धा 5 वर्षांनी त्यातले 23 च्या आसपास निव्वळ योगायोगाने 5.4 च्या वर अल्फा दाखवतील. जाहिरात कोणाची येणार? त्या 23 चीच ना. म्हणून एका फंडाचा आकडा बघताना तो किती फंडांमधून निवडून तुमच्यासमोर आणलाय, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थच नाही.

मायकेल जेन्सनने हा हिशोब 1968 मध्येच केला होता, 1945 ते 1964 मधले 115 अमेरिकन फंड घेऊन. खर्च वजा जाता सरासरी अल्फा आला वर्षाला उणे 1.1 टक्के. खर्च धरला नाही तरी सरासरी शून्याच्या खालीच.

हां, प्रश्न आला, अल्फा खर्च वजा करून सांगतात की आधीचा? दोन्ही सांगतात, जो मोठा दिसतो तो पुढे करतात. तुम्ही नेहमी खर्च वजा झालेला मागा, आणि सोबत कुठला इंडेक्स धरला आणि कुठल्या तारखेपासून मोजलं ते लेखी घ्या. तारीख एक वर्ष मागे-पुढे सरकवून बघा, अल्फाचं चिन्हच बदललं तर पुढचा फंड बघायला लागा.