पेपर टाकल्यावर काउंटर ऑफर आली, आता थांबायचं का?

तर सीन असा आहे. तुम्ही रिझाइन टाकलंय, नवीन कंपनीचं ऑफर लेटर साइन झालंय, जॉइनिंग डेट ठरलीय, आणि दोन दिवसांनी मॅनेजर एका छोट्या मीटिंग रूममध्ये घेऊन जातो, दार लावतो आणि म्हणतो, "सांग ना, काय केलं तर थांबशील?"

इथे बहुतेक जण एक चूक करतात, आकडा सांगून मोकळे होतात. "130 मिळतायत तिकडे." मॅनेजर म्हणतो बघतो, दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो की झालं, मॅच केलं. आणि तुम्हाला वाटतं चला, घरबसल्या तेच मिळालं, नवीन ठिकाणी परत शून्यापासून कोण सिद्ध करणार स्वतःला.

मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेय. एकदा मला काउंटर मिळाली, आणि नंतर टीम सांभाळायला लागल्यावर मी स्वतः बऱ्याच जणांना दिल्या, म्हणजे "काय केलं तर थांबशील" विचारणारी ती व्यक्ती मीच. त्यामुळे आज आतून कसं चालतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला तो कागद नीट वाचता येईल.

आधी आकडा बघू. माझ्या टीममधला एक मुलगा होता, त्याचीच केस घेते. खरा पगार नाही सांगत, समजा त्याचं वर्षाचं पॅकेज 100 होतं. त्यात 90 फिक्स्ड आणि 10 व्हेरिएबल. नवीन कंपनीनं 130 दिले, 120 फिक्स्ड आणि 10 व्हेरिएबल. आम्ही काउंटरमध्ये पण 130 दिले. मीटिंगमध्ये वाक्य हेच होतं की आम्ही मॅच करतोय, आणि ते खोटं नव्हतं, बेरीज 130 च होत होती.

फक्त बेरीज अशी होती: फिक्स्ड 105, व्हेरिएबल 13, आणि 12 रिटेन्शन बोनस.

आता हे फोडून बघा. रिटेन्शन बोनस एकदाच मिळतो, तोही 12 महिने पूर्ण केल्यावर. म्हणजे दुसऱ्या वर्षी पॅकेज गपचूप 118 वर येतं. काही कंपन्या हा बोनस आधीच देतात पण मग क्लॉबॅक असतो, ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे परत करायचे. व्हेरिएबल 13 लिहिलंय पण ते 13 मिळतीलच असं नाही, या मुलाला आदल्या वर्षी 10 पैकी 7 मिळाले होते. मग दर महिन्याला हातात नक्की येणारा भाग कुठला? फिक्स्डमधला. इथे 105 आणि तिकडे 120. म्हणजे मॅच झालेलंच नाहीये!

आणि अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि कोणी विचारतच नाही. चार महिन्यांनी अप्रेझल होतं. साधारण 8 टक्के वाढ त्याला तशीही मिळणार होती, म्हणजे 90 चे 97 होणारच होते. आम्ही 90 चे 105 केले, त्यातले 7 त्याचेच होते जे आम्ही चार महिने आधी दिले, आणि अप्रेझलच्या यादीत त्याच्या नावापुढे एचआरनं लिहिलं की नुकतंच करेक्शन झालंय, या सायकलला वाढ नाही. कोणी कट केला नव्हता हां, बजेट तसंच चालतं. टीमला वर्षाला एक ठरावीक रक्कम मिळते वाढीसाठी, एकाला मध्येच जास्त दिलं की पुढच्या वेळी तो रांगेत मागे जातो.

म्हणून काउंटर आली की आकड्याच्या आधी हा प्रश्न विचारा: "ही वाढ पुढच्या अप्रेझलच्या ऐवजी आहे की वेगळी?" आणि मग गप्प बसा. मॅनेजरला माहिती असेल तर तो सरळ सांगेल. "ते आपण तेव्हा बघू" असं आलं तर उत्तर मिळालंय असं समजा.

बरं, आता कंपनी काउंटर देतेच का. मी माझंच सांगते. त्या मुलानं पेपर टाकला तेव्हा त्याचा नोटीस पिरियड बरोबर आमच्या एका मोठ्या रिलीजच्या मध्ये संपत होता आणि एक मॉड्यूल असं होतं की ते त्याच्याशिवाय कोणालाच धड कळत नव्हतं. त्याच्या जागी नवीन माणूस आणायचा तर आधी ओपनिंग मंजूर करून घ्या, मग इंटरव्ह्यू, मग जो सिलेक्ट होईल त्याचा स्वतःचा नोटीस पिरियड, मग तो येऊन काम शिकणार, म्हणजे सहा-सात महिने गेले. त्यामुळे मी वर जाऊन भांडले आणि पैसे आणले. मला तो आवडायचा, काम चांगलं होतं, हे सगळं खरंच. पण मी मंजुरीसाठी जो मेल लिहिला त्यात त्याच्या गुणांवर एक ओळ होती आणि रिलीजच्या तारखेवर पाच.

आणि तो थांबल्यावर मी पहिलं काम काय केलं माहितीय? त्याच्याबरोबर अजून एकाला त्या मॉड्यूलवर बसवलं. त्याला काढायचं वगैरे डोक्यातही नव्हतं, पण एकदा पोळल्यावर कुठलाही मॅनेजर बॅकअप तयार करणारच ना. सहा महिन्यांनी ते मॉड्यूल दोघांना येत होतं. ज्या कारणामुळे काउंटर मिळाली होती ते कारणच उरलं नाही.

लोक म्हणतात काउंटर घेतली की कंपनी डूख धरते. मला हे जरा फिल्मी वाटतं. धरणारे धरतात, पण जास्त वेळा फक्त एवढंच होतं, तुमची अडचण संपते, त्यांचीही संपते, आणि पुढच्या वेळी हातात काहीच नसतं.

आता त्याचं मूळ दुखणं ऐका. तो सोडून चालला होता कारण दर तिसऱ्या आठवड्याला त्याची रात्रीची ऑन-कॉल ड्युटी लागायची, झोपेची वाट लागली होती. पैसे हे दुसरं कारण. पण मीटिंगमध्ये बोलणं पैशांवर आलं आणि पैशांवरच राहिलं. मी ऑन-कॉलबद्दल म्हणाले, "दोन माणसं घेतोय, मग रोटेशन हलकं होईल." मी प्रामाणिकपणे म्हणाले होते. एक ओपनिंग फ्रीज झालं, दुसरा माणूस आला तो दुसऱ्या टीमला गेला. आठ महिन्यांनी ड्युटी तशीच, तिसऱ्या आठवड्याला. आणि बोनससाठी अजून चार महिने थांबणं भाग. तेराव्या महिन्यात त्यानं परत पेपर टाकला, आणि ज्या कंपनीला आधी नाही म्हणाला होता तिथे ती जागा कधीच भरून झाली होती. यावेळी मी काउंटर दिली नाही, वर विचारायलाही गेले नाही. गरजच नव्हती.

त्यामुळे एक करा, शक्यतो पेपर टाकायच्या आधीच एका कागदावर लिहून ठेवा, का सोडतोय. दोन-तीन ओळी पुरेत. काउंटर आली की तो कागद शेजारी ठेवून बघा, यातलं काय बदललंय. बदलणार आहे हे नाही चालणार, बदललंय का? टीम बदलून हवी असेल तर ट्रान्सफरचा मेल तुमच्या लास्ट वर्किंग डेच्या आधी निघाला पाहिजे. ज्या गोष्टीला आज तारीख आणि सही मिळत नाही, ती तुम्ही राजीनामा मागे घेतल्यावर कशी मिळेल?

पण काउंटर कधीच घेऊ नका असं मी म्हणणार नाही. माझ्याच टीममध्ये एक जण थांबली आणि मला वाटतं तिनं बरोबर केलं. तिची तक्रार एकच होती, ती जुनी आणि बाहेरून नव्यानं आलेल्या तिच्याच लेव्हलच्या लोकांना तिच्यापेक्षा जास्त पगार. हे फार ठिकाणी होतं, नवीन माणूस बाजारभावानं येतो आणि जुना वर्षाला थोडं थोडं वाढत राहतो, मागे पडतो. काम आवडत होतं, टीम आवडत होती. तिनं बोनस घेतलाच नाही, म्हणाली मला बँड बदलून द्या आणि पूर्ण वाढ फिक्स्डमध्ये, याच महिन्यापासून, आणि पुढचं अप्रेझल नेहमीसारखं होईल हे पत्रात लिहा. एचआरनं आठवडाभर घोळ घातला पण दिलं. नवीन कंपनीपेक्षा आकडा थोडा कमीच होता तरी थांबली, कारण कागदावरची एकमेव ओळ खोडली गेली होती.

आता थांबायचं ठरलंच तर क्रम नीट पाळा, इथे लोक फसतात. मीटिंगमध्ये हो म्हणायचं नाही. "मला दोन दिवस द्या आणि जे म्हणताय ते मेलवर पाठवा," बस. आधी रिवाइज्ड लेटर हातात येऊ दे, त्यात फिक्स्ड किती, कधीपासून लागू, बोनस असेल तर कुठल्या अटीवर, हे वाचा. मग राजीनामा मागे घेतोय असा मेल टाका आणि एचआरकडून "मागे घेणं मंजूर आहे" असं लेखी उत्तर घ्या. कारण राजीनामा एकदा स्वीकारला गेला की बऱ्याच ठिकाणी तो मागे घ्यायला कंपनीची मंजुरी लागते, तुम्ही एकट्यानं ठरवून भागत नाही. मॅनेजर खुश आहे म्हणून सिस्टीमला कळत नाही, एक्झिट प्रोसेस चालूच राहते, आणि मग जुन्या लास्ट वर्किंग डेला लॉगिन बंद, पगार होल्डवर. मी हे झालेलं पाहिलंय, बिचारा सोमवारी गेटवर उभा होता कारण कार्डच चालेना.

हे सगळं लेखी झालं की त्याच दिवशी नवीन कंपनीला फोन करा. मेल नाही, फोन, आणि मग मेल. त्याआधी साइन केलेलं ऑफर लेटर एकदा परत वाचा, जॉइनिंग बोनस घेतला असेल किंवा न येण्याबद्दल काही अट असेल तर ती तिथेच असते. ते चिडतील, चिडू दे, त्यांचा हक्क आहे. फक्त जॉइनिंगच्या दिवशी सकाळी कळवू नका, आणि हातातली काउंटर घेऊन त्यांच्याकडे अजून वाढवून मागायला तर जाऊच नका, कारण त्या क्षणी दोन्हीकडची माणसं तुमच्याशी बोलताना एक कान दुसऱ्या उमेदवाराकडे ठेवायला लागतात.

आणि थांबायचं नसेल तर मॅनेजरला लांबण लावू नका. "ऑफरबद्दल थँक्यू, पण माझं ठरलंय, हँडओव्हर कसं करायचं ते बोलू" इतकंच सांगा. कारण देऊ नका, कारण दिलं की तो ते सोडवायला बसतो. मी तरी बसायचे.